उंदीर काढा, माटोळी टांगा

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांना आम्ही दोन मिनिटांचं कच्चं चलतचित्र दाखवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी शाळांत आणि बायकांच्या स्वयंसाहाय्य गटांत बचतीबद्दल बोलायला जाते. शेजारचा मुलगा ॲनिमेशन शिकतो. तो म्हणाला, "मावशी, तू नुसती बोलतेस, आपण चित्र करू." गोष्ट साधी होती. आजी आणि नात एका बरणीत नाणी टाकतात, व्याज येतं, नाणी वाढतात. मग महागाई येते. महागाई कशी दाखवायची हा प्रश्न आला तेव्हा त्याने उंदीर काढला. रात्री येतो, बरणीत शिरतो, दोन नाणी कुरतडून पळतो. उंदीर फार सुंदर जमला होता. शेपटी बरणीच्या काठावर आपटायची तेव्हा मुलं खदाखदा हसली.

चित्र संपल्यावर मी विचारलं, "मग आजीने काय करावं?" पहिल्या बाकावरची मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, "टीचर, मागीर धांपणें घट्ट लायचें." झाकण घट्ट लावायचं. मागून एकाने मांजर पाळायला सांगितलं. तिसरा म्हणाला, बरणी कपाटात ठेवून कुलूप घालायचं.

तिन्ही उत्तरं त्या चित्राच्या हिशेबाने बरोबर होती, आणि तिन्ही उत्तरांनी आजीचं नुकसानच झालं असतं. महागाईपासून वाचण्यासाठी पैसे घरातच आणखी घट्ट बंद करून ठेवायचे, हा धडा मी स्वतः जाऊन त्या वर्गाला शिकवून आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलांसाठी आणि गटातल्या बायकांसाठी बचतीची जी चित्रं, जे खेळ तयार होतात, त्यांत चक्रवाढ आणि महागाई वेगवेगळी दाखवू नयेत, आणि महागाई चोरासारखी तर मुळीच दाखवू नये, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून झालं आहे. उंदीर, राक्षस, भोक पडलेली बरणी, वितळणारी नाणी ही सगळी एकाच चुकीची रूपं आहेत. महागाईत नाणी कमी होत नाहीत. हजार रुपये बरणीत ठेवले तर दहा वर्षांनी मोजून हजारच निघतात, एक पैसा कमी नाही. म्हणूनच तर माणसाला फसल्याचं कळत नाही. सरकतो तो बाहेरचा भाव, आणि बरणीकडे टक लावून बसलेल्या मुलाला तो कधीच दिसत नाही. त्याची नजर बरणीवरून उचलून ज्या वस्तूसाठी पैसे साठवले तिच्याकडे नेली पाहिजे. चित्राचं खरं काम एवढंच आहे.

ती वस्तू आम्हाला माटोळीत सापडली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत मिळणारी फळं, भाज्या, रानातली कांगणं बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंजन, काकडी, आंबाडे असं सगळं. पूर्वी यातलं बरंचसं घरच्या कुळागरातून, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतून, आणि जवळच्या रानातून यायचं. आता बहुतेकजण चवथीच्या आधी बाणस्तारीला नाहीतर आपल्या तालुक्याच्या बाजारात जाऊन विकत आणतात. माटोळीला काय लागतं आणि त्याला किती मोजावे लागतात, हे आमच्या प्रत्येक मुलाने आईवडिलांच्या तोंडून ऐकलेलं असतं. शिवाय माटोळी वर टांगलेली असते, आणि चित्राच्या दृष्टीने हेच सगळ्यात मोलाचं ठरलं.

आता चित्र असं आहे. खाली काचेची सरळ उभी बरणी, तिच्यात नाणी. बरोबर वर दोरीने टांगलेली माटोळी. नाण्यांची उंची म्हणजे जमलेले रुपये, आणि माटोळीची जमिनीपासूनची उंची म्हणजे तिचा सगळा खर्च. दोन्हींना माप एकच. गोष्टीच्या सुरुवातीला आजी-नातीने हजार रुपये जमवले आहेत आणि माटोळीलाही हजारच लागतात, त्यामुळे नाण्यांचा वरचा थर माटोळीला अगदी टेकतो. (हजार हा आकडा हिशेब सोपा जावा म्हणून. बाजारात काय लागतं ते वाचकांना ठाऊक आहे.) पण त्या वर्षी मामा आपल्या कुळागरातलं सगळं घेऊन येतो, पैसे खर्च होत नाहीत, आणि आजी म्हणते, राहू देत, पुढे लागतील. मग दहा चवथी जातात. दर वर्षी दोरी थोडी वर ओढली जाते. बरणीतली नाणी आहेत तेवढीच आहेत, आणि मधली पोकळी वाढत जाते.

हे दुसरं चित्र त्याच वर्गात दाखवलं तेव्हा झाकणाची गोष्ट कोणी काढली नाही. पहिल्या बाकावरचीच ती मुलगी म्हणाली, "पैसे थंयच आसात, माटोळी वयर गेली." पैसे तिथेच आहेत, माटोळी वर गेली. चलनवाढीची याहून नेमकी व्याख्या मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ऐकली नव्हती.

आता चक्रवाढीकडे येते, कारण तिथेही आमच्या पहिल्या चित्रात खोट होती. त्यात बरणी फळीवर असायची आणि वर्ष बदललं की आत आपोआप चार नाणी उगवायची. मोठ्या माणसाला हे खटकत नाही, त्याला बँक मनातल्या मनात दिसत असते. मुलाला ती दिसत नाही. फळीवरच्या बरणीत काहीही उगवत नाही. व्याज ही दुसऱ्याला वापरायला दिलेल्या पैशाची किंमत आहे, आणि दुसरा कोणीतरी ते पैसे कामाला लावून परत करतो म्हणून ती मिळते. म्हणून आता नात बरणी घेऊन बँकेत जाते. तिथून ते पैसे एका मासळीवालीकडे जातात, ती त्यातून बर्फाची मोठी पेटी घेते, संध्याकाळपर्यंत तिची मासळी टिकते. वर्षाने ती घेतलेले पैसे वर थोडे जास्त घालून परत करते, आणि त्यातला काही भाग बँक नातीला देते. चाळीस सेकंदांचा हा तुकडा काढून टाका, गोष्ट लांबते, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. हा तुकडा काढला तर व्याज म्हणजे जादू असं मुलाच्या डोक्यात बसतं, आणि पुढे कोणी येऊन महिन्याला दहा टक्के देतो म्हणाला तर हे पैसे कुठल्या कामातून येणार असं विचारायची सवयच त्याला लागलेली नसते.

मुद्दलाची नाणी आम्ही पिवळी ठेवली आणि व्याजाची तांबडी. व्याजाचा दर धरला ७ टक्के. पहिल्या वर्षी हजारावर ७० रुपये तांबडे पडतात. दुसऱ्या वर्षी पिवळ्यांवर पुन्हा ७०, आणि आधीच्या ७० तांबड्यांवर ४ रुपये ९० पैसे. चक्रवाढ म्हणजे हे ४ रुपये ९० पैसे, दुसरं काही नाही. चित्रात ती एकच लहानशी तांबडी चकती आहे आणि ती पडते तेव्हा बाकी सगळे आवाज बंद करून एक बारीक किणकिण ऐकवली आहे. शेजारच्या मुलाला वाटत होतं की चक्रवाढ दाखवायची तर नाण्यांचा पाऊस पाडावा. मी म्हटलं, पाऊस दुसऱ्या वर्षी पडत नाही, आणि तो पडेल असं सांगितलं तर मूल दुसऱ्या वर्षीच निराश होतं. दहाव्या वर्षी मात्र त्या एका वर्षाचं व्याज जवळपास १२९ रुपये होतं, पहिल्या वर्षाच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त. बरणीत एकूण १,९६७ रुपये होतात. तांबड्यावर तांबडं मिळालं नसतं, नुसतं सरळव्याज असतं, तर १,७०० झाले असते. दहा वर्षांत चक्रवाढीने जास्तीचे दिले ते २६७ रुपये. रक्कम खरी आहे, चांगली आहे, पण पाऊस नाही.

(बँका मुदत ठेवीवर सहसा दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा किंचित जास्त येतो. चौथीच्या मुलांसाठी आम्ही वर्षाचाच हिशेब ठेवला.)

आता दोन्ही गोष्टी एका चौकटीत आणायच्या. माटोळीचा खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असं धरलं. पहिल्या वर्षी दोरी ५० रुपयांइतकी वर जाते. दुसऱ्या वर्षी ५० नव्हे, साडेबावन्न, कारण ५ टक्के आता १,०५० वर लागतात. दहाव्या वर्षीची ओढ जवळपास ७८ रुपयांची असते आणि माटोळी १,६२९ रुपयांवर जाऊन थांबते. म्हणजे दोरीही चक्रवाढीनेच वर जाते. पाठ्यपुस्तकात चक्रवाढव्याज गणितात असतं आणि महागाई समाजविज्ञानात. मधली भिंत इतकी जाड की दोन्हींच्या पोटात एकच गुणाकार चालतो हे शिकवणाऱ्यालाही जाणवत नाही. एक गुणाकार आपल्यासाठी राबतो, दुसरा आपल्याविरुद्ध, आणि कोणता भरभर चालतो एवढंच शेवटी पाहायचं असतं.

म्हणून शेवटच्या प्रसंगात एकाच माटोळीखाली तीन बरण्या उभ्या केल्या आहेत. पहिली घरच्या फळीवरची, तिच्यात हजार. दुसरी बचत खात्यातली, तिथे अडीच टक्के दर धरला, दहा वर्षांनी १,२८० रुपये. तिसरी मुदत ठेवीतली, १,९६७ रुपये. माटोळी १,६२९ वर. दुसरी बरणी पाहून मुलं गोंधळली, आणि तिने गोंधळात टाकावं म्हणूनच ती तिथे आहे. तिच्यात पैसे वाढलेले आहेत, पासबुकात दर वर्षी व्याजाची नोंद आहे, तरी ती माटोळीला पोचत नाही. आधी शंभर वस्तू बांधता आल्या असत्या तर या पैशात आता साधारण ७९ येतात. फळीवरच्या बरणीत ६१. तिसरी मात्र माटोळीच्या वर जाते, पण किती? तेवढ्याच शंभराच्या जागी साधारण १२१ वस्तू. दहा वर्षांत पैसे दुपटीजवळ गेले आणि माटोळी एक पंचमांशाने मोठी झाली. बचतीची जी खरी कमाई आहे ती एवढीच आहे, आणि ती मला कमी वाटत नाही. दुप्पट झाली असं सांगून ती वाढवायची काही गरज नाही.

यात कर धरलेला नाही. ज्याला व्याजावर २० टक्के कर पडतो त्याच्या हाती ७ चे ५.६ टक्केच राहतात आणि तिसरी बरणी १,७२४ च्या आसपास थांबते, माटोळीच्या जेमतेम वर. हे मुलांच्या चित्रात घातलं नाही, पण गटात बोलताना मी आवर्जून सांगते.

चित्र काढताना दोन ठिकाणी आम्ही घसरलो ते लिहून ठेवते, कारण ही कामं आता ठिकठिकाणी हौशी लोक करू लागले आहेत. पहिल्यांदा मी हट्टाने बुयांव काढायला लावलं होतं, आमच्याकडे लोणच्याला वापरतात ती चिनीमातीची पोटाळ बरणी. ओळखीची, घरची वस्तू. पण बुयांवाचं पोट फुगीर आणि तोंड अरुंद. मधल्या भागात शंभर रुपये टाकले तर पातळी बोटभरही चढत नाही, गळ्याशी आल्यावर तेच शंभर रुपये भराभर वर जातात. बघणाऱ्याला वाटतं, शेवटी वाढीने वेग घेतला. तो वेग चक्रवाढीचा नसून मडक्याच्या आकाराचा असतो. उंचीला रक्कम मानायचं तर भांडं सरळ भिंतीचंच हवं. काही जण यापुढे जाऊन दुप्पट पैसे दाखवायला बरणीच उंचीने आणि रुंदीने दुप्पट काढतात. डोळ्याला ती चौपट दिसते.

दुसरी चूक संगणकाने केली आणि ती पकडायला आठवडा गेला. पहिल्या वर्षाची पातळी आणि दहाव्या वर्षाची पातळी अशा दोनच चौकटी दिल्या की मधल्या चौकटी सॉफ्टवेअर स्वतः भरतं. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून ते बहुतेक वेळा सुरुवातीला हळू, मध्ये जोरात आणि शेवटी पुन्हा हळू नेतं. चेंडू किंवा हात हलवायला हे छान आहे. पण पैशाच्या बाबतीत याचा अर्थ उलटा होतो, कारण चक्रवाढ शेवटी मंदावत नाही, शेवटीच ती सगळ्यात जोरात असते. आमची तांबडी नाणी नवव्या वर्षी थकल्यासारखी दिसत होती. मग प्रत्येक वर्षाची पातळी आकडेमोड करून वेगळी दिली, अकरा चौकटी, आणि मधली हालचाल एकसारखी ठेवली. माटोळीच्या दोरीलाही तेच केलं. तुमच्या चित्रात ही चूक आहे का ते बघायचं असेल तर शेवटच्या दोन वर्षांची चढण पहिल्या दोन वर्षांच्या चढणीशेजारी ठेवून मोजा. शेवटची मोठी आली पाहिजे.

या सगळ्यावर एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो आणि तो घेणारी माणसं मुलांवर माया करणारीच असतात. एका शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आधी मुलांना बचतीची गोडी लागू दे. महागाई नंतर शिकतील. दहा वर्षांच्या मुलाला आत्ताच कशाला सांगायचं की तुझे पैसे पुरणार नाहीत?" तिचं म्हणणं मी हलकं घेत नाही. पण बँकेच्या काउंटरवर बसून मी ज्यांना पाहिलं ती सगळी गोडी लागलेलीच माणसं होती. 'दामदुप्पट' हा शब्द ऐकला की त्यांचे डोळे चमकायचे, आणि तो शब्द मीही वापरत असे. १९८८ साली पोस्टात किसान विकास पत्र सुरू झालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. ७२ ला वर्षांनी भागलं की साधारण दर मिळतो, या ठोकताळ्याने तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढे हेच पत्र साडेसात टक्क्यांवर आलं आणि दुप्पट व्हायला ११५ महिने लागू लागले. पावती दोन्ही वेळा दुप्पटच म्हणते. त्या साडेपाच वर्षांत नाहीतर साडेनऊ वर्षांत माटोळी कुठे गेली, हे पावतीवर छापलेलं नसतं. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम मुदत संपल्यावर घेऊन, दागिन्याचा भाव विचारून परत माझ्याच खिडकीशी येऊन उभी राहिलेली बाई मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे. तिचा प्रश्न एकच असायचा, "बाय, तुम्ही तर दुप्पट म्हणाला होता." मी खोटं बोलले नव्हते. मी अर्धं बोलले होते, आणि त्या अर्ध्याची किंमत तिने दिली.

त्यामुळे नंतर शिकतील हे मला पटत नाही. नंतर म्हणजे त्या खिडकीशी. आणि मुलं निराश होतात हाही अनुभव नाही. तीन बरण्या पाहून वर्गात रडू कोणाला आलं नाही, तिसरी बरणी कुठे मिळते एवढंच त्यांनी विचारलं.

मोठ्यांच्या बाबतीत हे चित्र आणखी एक गाठ सोडवतं. गटातल्या बायका मला चिडून विचारतात, "बातमीत सांगतात महागाई उतरली, मग बाजारात भाव का उतरत नाहीत?" ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला होता, तेव्हा तर हा प्रश्न जोरात आला. त्यांना वाटतं सरकार खोटं बोलतं. त्यांची चूक नाही, 'उतरली' या शब्दाची आहे. उतरतो तो दर, म्हणजे दोरी वर ओढण्याचा वेग. माटोळी आहे तिथेच लटकत राहते, नाहीतर अगदी सावकाश वर जाते. ती खाली यायची तर दर शून्याच्याही खाली गेला पाहिजे. उंदराच्या चित्रात हे समजावताच येत नाही. उंदीर कमी खाऊ लागला म्हटलं की गेलेली नाणी परत यायला हवीत असंच वाटतं. दोरीच्या चित्रात एक बाई स्वतःच म्हणाली, "म्हणजे चढ कमी झाला, डोंगर तेवढाच राहिला."

माटोळीचा मला सुचला नव्हता असा एक फायदा पुढे कळला. २०२५ मध्ये नारळ फार महागले. चवथीच्या आधी ज्याच्या-त्याच्या तोंडी नारळच होता आणि महागाई म्हणजे नारळ असं मुलंही म्हणू लागली. आमच्या बरणीवर नुसता एक नारळ टांगलेला असता तर चित्राने तोच गैरसमज पक्का केला असता. माटोळीत नारळ चार-पाच, सुपारीचा घोस एक, काकडी दोन. नारळ दीडपट झाला आणि बाकीचं तिथेच राहिलं तर सगळी माटोळी दीडपट महागत नाही, नारळाचा तिच्या खर्चात जेवढा वाटा तेवढीच ती हलते. देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक असाच बांधलेला असतो. वस्तूंची एक मोठी माटोळी, प्रत्येकीला तिचा वाटा, आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा. महागाईचा दर काढताना तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतात, आपण या चवथीचा खर्च मागच्या चवथीशी ताडतो तसाच. चवथीच्या आधी आणि नंतर भावात जो फरक पडतो तो सणाचा, त्याला महागाई म्हणून चालत नाही.

याची एक मर्यादा आहे. प्रत्येकाच्या घरची माटोळी वेगळी असते. ज्या घरात औषधांवर जास्त जातं, किंवा जे भाड्याने राहतात, त्यांची दोरी देशाच्या दोरीपेक्षा भराभर वर जाऊ शकते. म्हणून पुढच्या खेपेला मुलांना घरी जाऊन स्वतःच्या घरचा खर्च दोन चवथी लिहायला सांगायचं ठरवलं आहे.

हे सगळं चौथीच्या वर्गापुरतं आहे असं मला वाटत नाही, आणि इथे मला सार्वजनिक पैशाबद्दल बोलायचं आहे. गोवा सरकारने २०१२ साली लाडली लक्ष्मी योजना सुरू केली. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींसाठी एक लाख रुपये. योजना चांगली आहे, तिच्यामुळे मुलींच्या नावावर काहीतरी उभं राहिलं, आणि मी काउंटरवर असताना ते पाहिलं आहे. पण रक्कम ठरली तेव्हा एक लाख होती आणि २०२४ संपलं तेव्हाही एक लाखच होती. देशाच्या निर्देशांकात २०१२ ची टोपली १०० धरली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तीच टोपली १९५ वर होती. म्हणजे २०१२ च्या मुलीला एक लाखात जे मिळत होतं ते २०२४ च्या मुलीला मिळायचं तर एक लाख पंच्याण्णव हजार लागले असते. तिच्या हाती आलेला लाख २०१२ च्या भावाने एक्कावन्न हजारांचा. कोणी कपात केली नाही, फाईलवर कोणाची सही नाही, विधानसभेत त्यावर मत घ्यावं लागलं नाही. दोरी वर जाऊ दिली, एवढंच.

उंदराच्या चित्रावर वाढलेल्या नागरिकाला यात काही घडलेलं दिसणारच नाही. रक्कम तेवढीच आहे, चोरी कुठे झाली? माटोळीच्या चित्रावर वाढलेली मुलगी मात्र विचारेल की लाख हा आकडा निर्देशांकाला का बांधला नाही. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असतो, त्यामुळे हे करता येत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. तिजोरीला परवडेल का, हा वेगळा आणि प्रामाणिक वाद आहे, तो व्हावा. पण तो व्हायला आधी रक्कम घसरली आहे हे दिसलं पाहिजे.

चित्र आता चार मिनिटांचं झालं आहे. शेवटी तीन बरण्या, वर माटोळी आणि तिची दोरी चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर गेलेली, एवढंच दिसतं. मागच्या आठवड्यात ते सत्तरीतल्या एका शाळेत दाखवलं. नेहमीचे प्रश्न झाले, आणि मग खिडकीजवळ बसलेल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "टीचर, दोरी कोण ओढता?"

मी पाऊस कमी झाला तर काय होतं ते सांगितलं. डिझेल महागलं की माटोळी घेऊन येणारी गाडी महागते ते सांगितलं. बाजारात वस्तू तेवढ्याच आणि लोकांच्या हाती पैसे जास्त झाले तर काय होतं तेही सांगून पाहिलं. दोरी वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास राखायची, फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, असं काम कायद्याने रिझर्व्ह बँकेला दिलेलं आहे हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तो माणूस चित्रात घाला." शेजारच्या मुलाने त्याच संध्याकाळी कागद काढला. दोरी कडेच्या बाहेर जिथे जाते तिथे किती हात काढायचे, यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.